पाणी तर स्वच्छ येतंय, मग आर्सेनिकचा फिल्टर 'संपला' हे ओळखायचं कसं?

पश्चिम बंगालमधल्या गावांत हातपंपाच्या शेजारी उभी असलेली उंच टाकी दिसते. पंपाचं पाणी वरून आत जातं आणि खालच्या तोटीतून लोक कळशा भरून नेतात. टाकीत लालसर तपकिरी दाणे भरलेले असतात. हे दाणे म्हणजे एका अर्थी गंजच, फक्त खास तयार केलेला. पाण्यातलं आर्सेनिक पकडून ठेवणं हे त्याचं काम.

महाराष्ट्रात भूजलाबद्दलच्या तक्रारी बहुतेक फ्लोराइड आणि नायट्रेटच्या असतात, त्यामुळे ही टाकी आपल्याकडे फारशी ओळखीची नाही. बंगालमध्ये मात्र 1983 साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे हातापायांवर खरखरीत गाठी आणि अंगावर डाग असलेले रुग्ण येऊ लागले. त्यामागचं कारण निघालं कूपनलिकेचं पाणी. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चवही नाही. पाणी उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्यात त्याचं प्रमाण वाढतं.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक नको, अशी मर्यादा आहे. म्हणजे 1 लाख लिटर पाण्यात जेमतेम 1 ग्रॅम. बाधित गावांत हाच आकडा 200 च्या घरातही जातो.

आता यात गंज कसा काय कामाला येतो?

गंजाच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर आर्सेनिक घट्ट चिकटतं. खरं तर बंगालच्या जमिनीत ते आधी असंच चिकटून होतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाचा थर होता आणि त्याला आर्सेनिक धरून होतं. जमिनीखाली प्राणवायू संपला, कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगणाऱ्या जिवाणूंनी तो लोहाचा थर विरघळवला आणि आर्सेनिक पाण्यात सुटलं. टाकीतले दाणे हीच गोष्ट उलटी करतात, सुटलेलं आर्सेनिक पुन्हा लोहावर बसवतात.

पण दाण्यांवरच्या जागा मोजक्या असतात. त्या भरल्या की पुढचं आर्सेनिक सरळ तोटीतून बाहेर येतं. शिवाय फॉस्फेट आणि सिलिका हे पाण्यातले इतर घटकही त्याच जागांवर येऊन बसतात. म्हणून एका गावात वर्षभर चाललेले दाणे शेजारच्या गावात सहा महिन्यांतही संपू शकतात.

घोळ होतो तो इथेच. दाणे संपले तरी पाणी तसंच नितळ दिसतं आणि चवही बदलत नाही. बहुतेक लोक फिल्टर बिघडला असं कधी म्हणतात? धार बारीक झाली की. पण धार बारीक होण्याचं कारण वेगळं आहे. भूजलात विरघळलेलं लोह हवा लागली की गाळ होऊन बसतं आणि दाण्यांमधल्या फटी बुजतात. खालून उलट्या दिशेने पाणी सोडून टाकी धुतली की धार पुन्हा जोरात येते आणि सगळ्यांना वाटतं, फिल्टर नव्यासारखा झाला. धुण्याने गाळ निघतो, दाण्यांना चिकटलेलं आर्सेनिक निघत नाही. जोरात वाहणारी तोटी आणि पूर्ण संपलेले दाणे हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

हा धोका कागदावरचा नाही. जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण 24 परगण्यातल्या बारुईपूर इथे 19 आर्सेनिक संयंत्रांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. 2005 मध्ये आलेल्या अहवालानुसार, 10 ची मर्यादा एकालाही सातत्याने पाळता आली नाही. तेव्हाची भारतीय मर्यादा 50 होती, तीही फक्त दोघांनी पाळली.

मग ओळखायचं कसं? पहिलं साधन अगदी साधं आहे, पाण्याचा मीटर.

समजा, टाकीत 100 लिटर दाणे आहेत आणि ते स्वतःच्या आकारमानाच्या 10 हजार पट पाणी शुद्ध करतील असा अंदाज आहे. म्हणजे 10 लाख लिटर. गावातली 200 घरं रोज 20 लिटर नेतात, तर दिवसाला 4 हजार लिटर झालं आणि दाणे 250 दिवस पुरतील. उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावरचे लोकही येऊ लागले आणि रोजचा खप 6 हजारांवर गेला, तर तेच दाणे साधारण 166 दिवसांत संपतील. 'वर्षातून एकदा बदलू' असं ठरवलेल्या गावाला मधले सहा महिने आर्सेनिकचं पाणी प्यावं लागेल. म्हणून हिशोब दिवसांचा नको, लिटरचा हवा.

पण 10 हजार पट हाही अंदाजच. त्या गावाच्या पाण्यात तो खरा ठरतो का, हे सांगते टाकीच्या मधोमध बसवलेली छोटी तोटी. दाणे वरून खाली संपत जातात. मधल्या तोटीत आर्सेनिक दिसू लागलं, म्हणजे वरचा अर्धा भाग संपत आला. मीटरवर तेव्हा 3 लाख लिटर दिसत असतील, तर खालचा अर्धा भाग अजून साधारण 3 लाख लिटर काढेल. म्हणजे 10 लाखांची टाकी इथे 6 लाखांचीच आहे, हे पिण्याचं पाणी बिघडायच्या आधीच कळलं. नवे दाणे मागवायला वेळही मिळाला. काही ठिकाणी एकामागे एक दोन टाक्या जोडतात. पहिलीतून आर्सेनिक निसटलं तरी दुसरी ते अडवते. मग पहिलीचे दाणे बदलून तिला मागे घ्यायचं आणि दुसरीला पुढे.

नमुना कधी घेतला यावरही बरंच ठरतं. रात्रभर पाणी दाण्यांत थांबलेलं असतं, आर्सेनिकला चिकटायला भरपूर वेळ मिळालेला असतो. त्यामुळे पहाटेची पहिली बाटली बऱ्याचदा खऱ्यापेक्षा चांगला आकडा दाखवते. नमुना घ्यायचा तो सकाळच्या गर्दीत, तोटी बराच वेळ नेहमीच्या वेगाने वाहिल्यावर.

गावात तपासणीसाठी किट असतं. बाटलीतल्या पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की आर्सेनिकचा वायू सुटतो आणि झाकणाखालच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग उमटतो. हा वायू विषारी असतो, त्यामुळे हे काम मोकळ्या हवेतच करायचं. डाग रंगपट्टीशी जुळवायचा. 100 आणि 10 मधला फरक किट चांगला दाखवतं, पण 8 की 15 हे डोळ्यांनी सांगणं अवघड असतं. म्हणून मधल्या तोटीवर किट पुरतं, पण शेवटच्या तोटीचा नमुना अधूनमधून प्रयोगशाळेतच जायला हवा.

संपलेले दाणे चालू ठेवले तर काय होईल? आत जाईल तेवढंच आर्सेनिक बाहेर येईल, असं वाटतं. कधीकधी त्याहून जास्तही येतं, कारण फॉस्फेट आधी बसलेल्या आर्सेनिकला ढकलून त्याची जागा घेतं.

आणि काढलेले दाणे तळ्यात किंवा उकिरड्यात टाकायचे नाहीत. वरच्या हिशोबातल्या टाकीत 200 मायक्रोग्रॅमचं 6 लाख लिटर पाणी गेलं, तर दाण्यांवर सुमारे 120 ग्रॅम आर्सेनिक बसलेलं असतं. तळ्याच्या तळाशी प्राणवायू नसतो, कुजका पाला मात्र भरपूर असतो. तिथे जिवाणू पुन्हा लोह विरघळवतात आणि आर्सेनिक पुन्हा पाण्यात येतं. टाकी धुतल्यावर निघणाऱ्या लाल गाळातही आर्सेनिक असतं. तो हवा खेळती राहील अशा वाळूच्या खड्ड्यात अडवायचा, शेतात सोडायचा नाही.