तीनशे अंक वर, तरीही तोटा

समजा, निफ्टी 25,000 वर आहे आणि महिन्याची एक्सपायरी पंचवीस दिवसांवर आहे. बाजार थोडाफार चढेल असं तुमचं मत आहे, म्हणून तुम्ही 25,000 चा कॉल 360 रुपयांना घेता. मत खरं ठरतं. एक्सपायरीच्या मंगळवारी निफ्टी 25,300 वर बंद होतो. कॉलचे 300 रुपये हाती येतात आणि गेले होते 360. बाजार तीनशे अंक वर गेला आणि तुम्ही साठ रुपये गमावले.

घेतलेल्या दिवशी त्या कॉलला स्वतःची अशी काही किंमत नव्हती, कारण निफ्टी नेमका 25,000 वरच होता. ते 360 रुपये पुढच्या पंचवीस दिवसांत काय काय घडू शकेल याचे होते, आणि दिवस सरतील तसे ते विरत जाणारच होते. निफ्टी 25,360 च्या वर गेला तरच फायदा सुरू होणार होता. शिवाय त्या 360 रुपयांत निफ्टी 26,500 वर जाण्याच्या शक्यतेचेही पैसे होते. तुमचं मत तर ‘थोडाफार चढेल’ एवढंच होतं. ज्यावर तुमचा विश्वासच नाही, त्या शक्यतेचे पैसे तुम्ही का भरावेत?

व्हर्टिकल स्प्रेड हे या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर आहे. 25,000 चा कॉल 360 ला घ्यायचा आणि त्याच एक्सपायरीचा 25,400 चा कॉल 180 ला विकायचा. निव्वळ खर्च 180. लॉट 65 चा धरला (एक्सचेंज हा आकडा वेळोवेळी बदलतं), तर एकट्या कॉलला 23,400 रुपये लागले असते, इथे 11,700 लागतात. निफ्टी कितीही कोसळला तरी तोटा त्याहून जास्त होत नाही. खर्च आणि कर तेवढे वेगळे. वरच्या बाजूला 25,400 नंतरची सगळी कमाई तुम्ही दुसऱ्याला विकून टाकलेली असते. दोन स्ट्राइकमधलं अंतर 400, त्यातून खर्चाचे 180 वजा केले की जास्तीत जास्त फायदा 220, म्हणजे लॉटमागे 14,300 रुपये.

आता 25,300 कडे परत पाहा. घेतलेल्या कॉलचे 300 मिळाले, विकलेला कॉल निकामी झाला, खर्च होता 180. फायदा 120. त्याच बाजारात, त्याच मतावर. एक्सपायरीला निफ्टी 25,580 च्या खाली कुठेही असला तरी स्प्रेड एकट्या कॉलपेक्षा सरस ठरतो. 25,580 वर दोघांची बरोबरी होते. त्याच्या वर मात्र कॉलवाला पुढे निघून जातो. निफ्टी 26,000 ला गेला तर त्याला 640 मिळतात, तुम्हाला तेच 220. ही हळहळ ज्याला सोसत नाही त्याने स्प्रेडच्या वाटेला जाऊ नये.

हे सगळे आकडे एक्सपायरीच्या दिवसाचे आहेत, आणि नवखा माणूस नेमका इथेच गोंधळतो. समजा, पाचच दिवसांत निफ्टी 25,400 ला जाऊन टेकला. वाटतं, आता 220 रुपये खिशात. स्क्रीनवर मात्र स्प्रेडचा भाव 260 च्या आसपास, म्हणजे फायदा ऐंशीएक रुपये. एकट्या कॉलचा भाव तोवर 590 च्या घरात गेलेला असतो. कारण विकलेल्या कॉलमध्ये अजून वीस दिवसांचा वेळ शिल्लक आहे आणि तोही महाग झाला आहे. स्प्रेडचा पूर्ण फायदा त्या कॉलमधला वेळ संपेल तेव्हाच हाती येतो. म्हणून झपाट्याने उसळणाऱ्या बाजारात स्प्रेड सुस्त वाटतो आणि सावकाश चढणाऱ्या बाजारात शोभून दिसतो. उरलेल्या दिवसांत निफ्टी पुन्हा घसरेल अशी धास्ती असेल, तर ऐंशी रुपये घेऊन बाहेर पडण्यात काहीही कमीपणा नाही.

अशा वेळी काहीजण भलताच शहाणपणा करतात. फायद्यात दिसणारा घेतलेला कॉल विकून टाकतात आणि तोट्यात दिसणारा, विकलेला कॉल ‘उतरेल’ म्हणून ठेवून देतात. त्या क्षणी स्प्रेड संपतो. उरतो तो उघडा विकलेला कॉल. त्याच्या तोट्याला वरची मर्यादा नाही, आणि त्यासाठी ब्रोकर एकदम कितीतरी मोठं मार्जिन मागतो. म्हणून क्रम ठरलेला असावा: उभारताना आधी खरेदी, मग विक्री, मोडताना विकलेला कॉल आधी परत घ्यायचा, मग आपला विकायचा.

तेजीचाच स्प्रेड पुट वापरूनही बांधता येतो. 25,400 चा पुट विकायचा आणि 25,000 चा घ्यायचा. या उदाहरणात हाती साधारण 220 रुपये येतात. एक्सपायरीला निफ्टी 25,400 च्या वर असला तर ते सगळे तुमचे. 25,000 च्या खाली असला तर 400 द्यावे लागतात, म्हणजे तोटा 180. कॉलच्या स्प्रेडचेच आकडे! तरीही पैसे आधी जमा होतात म्हणून अनेकांना हा प्रकार घरभाड्यासारखा वाटतो. एकदा तसं वाटलं की खर्च वाचवायला घेतलेला पुट गाळण्याचा मोह होतो. 3 जून 2024 ला, लोकसभा निकालाच्या आदल्या दिवशी, निफ्टी तीन टक्क्यांहून अधिक उसळून 23,263.90 वर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी तो 21,884.50 वर बंद झाला. एका दिवसात जवळपास 1,380 अंक. चारशे अंकांचा स्प्रेड असलेल्याचा तोटा त्या चारशेच्या आतच राहिला; उघडे पुट विकून बसलेल्याला असा आधार नव्हता.

निफ्टीचा हिशेब रोखीत मिटतो, म्हणून एक्सपायरीपर्यंत थांबलं तरी चालतं. शेअरच्या ऑप्शनमध्ये तसं नाही. तिथे 2019 पासून प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. समजा, एका शेअरचा लॉट 700 चा आहे. तुम्ही 1,000 चा कॉल घेतलात, 1,040 चा विकलात, आणि निव्वळ खर्च आला 16 रुपये, म्हणजे 11,200. एक्सपायरीला शेअर 1,040 च्या वर असेल तर घेणं-देणं एकमेकांत वळतं होतं. 1,000 च्या खाली असेल तर दोन्ही कॉल निकामी. पण तो 1,025 वर बंद झाला तर? विकलेला कॉल निकामी, आणि घेतलेला मात्र जिवंत. आता 1,000 रुपये भावाने 700 शेअर उचलायचे, म्हणजे सात लाख रुपये हवेत. शेअर हाती येऊन विकेपर्यंत भाव कुठे जाईल याला कसलीही मर्यादा राहिलेली नसते. एक्सपायरीच्या आधीच्या चार दिवसांपासून अशा कॉलवर वाढीव मार्जिन टप्प्याटप्प्याने लागू लागतं. तेव्हा शेअरमधला स्प्रेड त्याआधीच्या आठवड्यात मोडलेला बरा. दूरच्या स्ट्राइकला खरेदी-विक्रीच्या भावात मोठी फट असते, म्हणून दोन्ही बाजूंना एक-दोन रुपये सुटतील हे धरून चालावं. सोळा रुपयांच्या स्प्रेडमध्ये ते थोडे नाहीत, आणि म्हणूनच असा स्प्रेड घेण्याआधी दोन्ही स्ट्राइकला गिऱ्हाईक किती आहे हे पाहावं लागतं.