दोन लिप्या, एक बरणी

आमच्या शेजारच्या काकू गेली कित्येक वर्षे कैरीचे गोड लोणचे घालून आप्तेष्टांत वाटत आल्या आहेत, आणि या वर्षी ते बरणीत भरून दुकानात ठेवण्याचा मनसुबा त्यांनी केला, तेव्हा त्या बरणीच्या कागदाची तजवीज माझ्याकडे आली. कागद सत्तर मिलिमीटर रुंद आणि नव्वद उंच. त्यावर मराठी हवे, कारण गिऱ्हाईक गावातले. इंग्रजीही हवे, कारण काही बरण्या पुण्याच्या दुकानांत जायच्या होत्या. चित्रे काढणाऱ्या संगणकीय यंत्राला लेखी सूचना देऊन, जिला या धंद्यात प्रॉम्प्ट म्हणतात, प्रथम मसुदा करून घ्यावा असे मी ठरविले.

पहिली सूचना मी एका ओळीची लिहिली: इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांतले लोणच्याचे सुंदर वेष्टन. यंत्राने जे दिले ते दुरून खरोखर सुंदर होते. जवळून मात्र मराठी मजकूर असा होता, की शिरोरेषा होती, काने होते, मात्रा होत्या, आणि वाचता येईल असा एकही शब्द नव्हता. इंग्रजी शब्द बहुतेक बिनचूक उतरले होते. या यंत्राला अक्षरे जुळवण्याचे नियम ठाऊक नसतात. ते असंख्य चित्रे पाहून आकारांची सवय करून घेते, आणि देवनागरीची चित्रे रोमनच्या मानाने त्याच्या नजरेखालून फार थोडी गेलेली असतात. रोमन अक्षरे सुटी सुटी एकापुढे एक उभी राहतात, तर देवनागरीत मात्रा डोक्यावर, उकार पायाशी आणि जोडाक्षराचा अर्धा अवयव शेजारच्या अवयवात मिसळून गेलेला. यांपैकी एक जागचा हलला की शब्द मोडतो.

त्याहून सूक्ष्म दोष मानक्रमाचा होता. दोन भाषा एवढेच सांगितल्यामुळे यंत्राने दोन्ही लिप्या सारख्याच मोठ्या मांडल्या होत्या, आणि सारख्या आकाराच्या दोन ओळी शेजारी आल्या की नजरेने आधी कुठे जावे याचा निकाल लागत नाही. शिवाय सारखा आकार दिला तरी दोन्ही लिप्या डोळ्याला सारख्या दिसत नाहीत. देवनागरीला मात्रा आणि उकार यांच्यासाठी वरखाली जागा राखून ठेवावी लागते, म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचा तिचा मुख्य देह त्याच मापाच्या मोठ्या रोमन अक्षरांपुढे बहुधा ठेंगणा वाटतो. तेव्हा माप सांगायचे ते या देहाचे सांगावे, आणि कोणती लिपी थोरली व कोणती धाकटी हे दस्तऐवजातल्या कलमासारखे स्पष्ट लिहावे.

थोरलेपणाचा निर्णय करताना मला कायद्याचाही आधार मिळाला. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील सक्तीचा तपशील, म्हणजे घटक, निव्वळ वजन, तारीख, उत्पादकाचा पत्ता इत्यादी, इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावा लागतो. मराठी त्याखेरीज देता येते, पण तिने ती सक्ती भागत नाही. म्हणून कायद्याचे काम इंग्रजीकडे सोपवून ते खालच्या एकतृतीयांश भागात बसवावे, आणि वर गिऱ्हाइकाला हाक मारण्याचे काम मराठीने करावे, अशी वाटणी मी केली. सक्तीचा मजकूर आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह यंत्राकडून काढून घ्यायचेच नाही, हेही त्याच वेळी ठरले. या दुसऱ्या सूचनेचा मसुदा असा:

```
Flat front label, 70 x 90 mm, plain cream ground.
Line 1, largest: "कैरीचे लोणचे"
Line 2, below it, 40% of line 1 body height:
"Mango Pickle in Jaggery"
Line 3, smallest: "कोवळ्या कैऱ्या, कोल्हापुरी गूळ"
Heavy upright Devanagari, unbroken headline,
no letterspacing. Lower third empty. No other text.
```

यातील प्रत्येक शब्दामागे एकेका चुकीचा अनुभव होता. अवतरणचिन्हांत नेमका मजकूर दिला नाही तर यंत्र स्वतःच्या मनाचे शब्द रचते. दुसरा मजकूर नको ही ताकीद दिली नाही तर कडेला निरर्थक अक्षरांच्या झालरी येतात. रोमन अक्षरांमध्ये अंतर सोडले तर ती ऐटदार दिसतात, पण तेच अंतर देवनागरीत सोडले की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द सुट्या अक्षरांच्या ओळीसारखा वाचावा लागतो. ठळक आणि सरळ वळण मागण्याचे कारण असे, की मोकळीक दिल्यास यंत्र देवनागरीला नक्षी समजून तिला वेलबुट्टीत गुंतवते, आणि शेजारची इंग्रजी साधी राहून तीच आधी वाचली जाते. म्हणजे आकाराने धाकटी केलेली लिपी सुबोधपणाच्या जोरावर पुन्हा थोरली होऊन बसते.

या खेपेस पहिल्या दोन ओळी वाचनीय आल्या. तिसरी मात्र लहान, म्हणून तिचे हाल झाले. 'कैऱ्या' या शब्दातला ऱ्य हे मराठी लेखनात लागणारे जोडाक्षर. त्यातला अर्धा र पापणीसारखा य ला चिकटतो, आणि यंत्राने त्याऐवजी डोक्यावर रफार चढवून 'कैर्या' असे लिहिले. 'गूळ' मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला. पहिल्या ओळीतला ल देखील हिंदी वळणाचा, उभ्या दंडाला टेकलेला होता. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांसारखा असतो, आणि आपल्याकडचा वाचक कारण न सांगता येऊनही त्या परक्या वळणापाशी क्षणभर अडखळतो.

असे दोष ओळखण्याची माझी रीत साधी आहे. काय लिहिलेले असावे हे ठाऊक असले म्हणजे डोळा चुकलेले अक्षरही बरोबर वाचतो, म्हणून मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. मग कागद खऱ्या मापाला छापून, बरणीला गुंडाळून, हातभर अंतरावर धरावा. पडद्यावर मोठा करून पाहिलेला मजकूर नेहमीच वाचता येतो आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. काकूंनी ती बरणी हातभर अंतरावर धरली, 'कैरीचे लोणचे' हे एका दमात वाचले, आणि तिसऱ्या ओळीपाशी येऊन म्हणाल्या, "हे कैर्या काय आहे रे?"

आणखी चार वेळा सूचना बदलून पाहिली. एक चूक सुधारावी तर दुसरे अक्षर बिघडे, आणि प्रत्येक वेळी मांडणीही थोडी सरके. शेवटी मी यंत्राच्या चित्रातून अक्षरे पुसून फक्त पार्श्वभूमी, कैरीची फांदी आणि ओळींच्या जागा ठेवल्या, व सर्व मजकूर मराठी वळणाचा ल असलेल्या टंकात स्वतः जुळवला. इंग्रजीची मोठी अक्षरे थोरल्या ओळीच्या देहाच्या चाळीस टक्के उंच, तिसरी ओळ त्याहूनही लहान. आणि मात्रा वरच्या ओळीला भिडू नयेत म्हणून तिसऱ्या ओळीवरचे अंतर इंग्रजीला पुरले असते त्याच्या दीडपट ठेवले. मानक्रम सूचनेत लिहून ठेवलेला होता तसाच उतरला, आणि छापखान्यात गेलेल्या कागदावर यंत्राने काढलेले एकही अक्षर नव्हते.