मशीनवर OE, IE किंवा E15 दिसतंय? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे वाचा

कपडे धुऊन होत आले, आणि मशीन मध्येच थांबलं. आत पाणी तसंच, दार उघडत नाही आणि स्क्रीनवर OE. अशा वेळी मशीन बिघडलं असंच वाटतं. पण बऱ्याचदा कोड मशीनच्या बिघाडाचा नसतो, पाणी अडल्याचा असतो.

OE म्हणजे काय?

एलजीच्या मशीनमध्ये OE म्हणजे ठरलेल्या वेळेत पाणी बाहेर गेलं नाही. सॅमसंगमध्ये याच अडचणीला 5C किंवा 5E म्हणतात. आधी मागचा पाइप दुमडला आहे का ते पाहा. मग फिल्टरकडे वळा.

फ्रंट लोड मशीनच्या पुढे, खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. मशीन बंद करून प्लग काढा. गरम पाण्यात कपडे धुतले असतील तर पाणी निवू द्या. झाकणामागची बारीक नळी ताटात धरून पाणी काढून घ्या आणि मगच फिल्टर फिरवून उघडा. नाणी, पिना, धाग्यांचा गोळा हमखास सापडतो. फिल्टर धुऊन घट्ट बसवा आणि फक्त स्पिन लावून बघा. पाणी गेलं तर काम झालं. पंपाचा आवाजच येत नसेल, किंवा आवाज येऊनही पाणी हलत नसेल, तर टेक्निशियन बोलवा.

IE आला तर?

IE (सॅमसंगमध्ये 4C किंवा 4E) म्हणजे पाणी पुरेसं आत येत नाही. नळ पूर्ण उघडा आहे का, टाकीत पाणी आहे का ते पाहा. टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर पाण्याला दाब कमी असतो, तिथे हा कोड जास्त दिसू शकतो. नळ बंद करून मशीनमागचा पाइप सोडवा. तोंडाशी बारीक जाळी असते, ती गाळाने भरली असेल तर जुन्या टूथब्रशने साफ करा.

डिशवॉशरमध्ये

बॉशच्या डिशवॉशरवर E24 आला तर तेही पाणी बाहेर न जाण्याचंच दुखणं. तळाचा फिल्टर आणि बाहेर जाणारा पाइप तपासा.

E15 मात्र वेगळा. मशीनच्या तळाशी पाणी साचलं, की तिथला सुरक्षा स्विच हा कोड दाखवतो. मशीन तिरकं करून पाणी काढलं की कोड जातो, हे खरं. पण गळती तशीच राहते. नळ बंद करा, प्लग काढा आणि टेक्निशियनलाच बोलवा.

थांबू नये असे कोड

एलजीच्या वॉशिंग मशीनवर FE दिसला, म्हणजे पाणी प्रमाणाबाहेर भरतंय. लगेच नळ बंद करा. LE मोटरचा कोड आहे. कपडे कमी करा, प्लग काढून अर्धा तास थांबा. पुन्हा आला तर स्वतः खोलू नका.

आणि फोन करण्याआधी कोडचा फोटो काढून ठेवा. प्लग काढला की तो स्क्रीनवरून जातो.