‘ताई, रेफर करशील का?’

कॉलेज करता करता किंवा डिग्रीनंतर सहा-आठ महिने पुण्यात कुठंतरी काम केलंत. कस्टमर केअर, डेटा एन्ट्री, नाहीतर एखादी इंटर्नशिप. मग परीक्षा आली, घरी काही अडचण आली आणि बॅग उचलून येडशीला परत आलात. आता पुन्हा नोकरी बघायचीय. अशात कळतं की तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसणारी ताई आता दुसऱ्या कंपनीत आहे आणि तिथं तुम्हाला जमेल अशी एक जागा निघालीय. तुम्ही ‘हाय ताई’ एवढं टाइप करता आणि अडकता. वर्षभर साधा मेसेज नाही केला, आता एकदम कामच कसं सांगायचं?

आधी ही भीती बाजूला ठेवू. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ मधला एक लेख या विषयात फार गाजला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं, की ज्यानं खबर दिली तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? नेहमी भेटायचा असं सांगणारे निघाले १६.७ टक्के. अधूनमधून भेटायचा म्हणणारे ५५.६ टक्के. आणि वर्षातून एखादाच वेळा किंवा त्याहून कमी, असं म्हणणारे २७.८ टक्के! कारण सोपं आहे. रोजच्या कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या ओळखीकडे असते. म्हणजे वर्षभर न बोललेली ताई ही चुकीची व्यक्ती नाही. चुकतो तो मेसेज.

वशिला नव्हे

ओळखीनं काम मिळणं आपल्याकडे काही नवं नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जॉबर असायचा. तो आपल्या गावची, नात्यातली माणसं आणून कामाला लावायचा, त्यासाठी दस्तुरीही घ्यायचा. कुणाला घ्यायचं हे बऱ्याचदा त्याच्याच हातात असायचं. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या आजही मुकादम जमवतो. म्हणून ‘रेफरल’ म्हटलं की घरचे पटकन म्हणतात, ‘म्हणजे वशिलाच की!’

पण दोन्हीत फरक आहे. वशिल्यात ओळखीचा माणूस ठरवतो. रेफरलमध्ये ती ताई काहीच ठरवत नाही. ती कंपनीच्या आतल्या पोर्टलवर जाते, ठरावीक जागा निवडते, तुमचं नाव, ईमेल, फोन भरते, रेझ्युमे जोडते. ‘या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता?’ असा एक रकाना बहुतेक ठिकाणी असतो, तिथं दोन-चार ओळी लिहिते. तिचं काम तिथं संपतं. तुमचा अर्ज ढिगातून वर येतो, कुणीतरी तो उघडून बघण्याची शक्यता वाढते. पुढची परीक्षा, मुलाखत सगळं तुमचं तुम्हालाच.

आणि दस्तुरीचं इथं उलटं आहे. अनेक कंपन्या रेफर करणाऱ्यालाच बोनस देतात, तोही उमेदवार रुजू होऊन काही महिने टिकला तर. तेव्हा मेसेज करताना आपण भीक मागतोय असं वाटून घेऊ नका. पण तिचं नाव त्या रकान्यात कायमचं तुमच्या नावाशेजारी राहतं, हेही विसरू नका. रेफरल द्यायचे म्हणून कुणी तुमच्याकडेच पैसे मागितले, तर तो सरळ फसवणुकीचा प्रकार समजा आणि तिथंच थांबा.

हा मेसेज का फसतो?

आता नेहमीचा मेसेज बघा.

“हाय ताई, कशी आहेस? खूप दिवस झाले. तुझ्या कंपनीत काही असेल तर बघ ना माझ्यासाठी. कुठलंही काम चालेल. रेझ्युमे पाठवलाय.”

यात उद्धटपणा काहीच नाही. तरी उत्तर बहुतेक ‘हो, बघते’ असंच येतं आणि पुढं काही होत नाही. का? कारण या मेसेजनं सगळं काम ताईवर टाकलंय. पोर्टल उघडा, शेकडो जागा चाळा, त्यातली कुठली जुळते ते ठरवा, मग ‘कसं ओळखता’ या रकान्यात काय लिहायचं ते आठवा. दिवसभर ऑफिस करून कोण हे करणार? ‘कुठलंही काम चालेल’ हे आपल्याला नम्र वाटतं, तिला मात्र त्यातून काहीच कळत नाही.

म्हणून आधी जागा तुम्ही शोधायची. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवर जा, जागेचं नेमकं नाव, शहर आणि जॉब आयडी लिहून घ्या. एकाच नावाच्या चार-पाच जागा असू शकतात. आयडी चुकला तर तुमचं नाव भलत्याच शहराच्या यादीत जाऊन पडेल. मग जाहिरातीतल्या अटी वाचून त्यातलं असं एक काम निवडा, जे तुम्ही करताना ताईनं स्वतः पाहिलंय. हे महत्त्वाचं. तुम्ही हुशार आहात, कष्टाळू आहात याची ग्वाही ती देऊ शकत नाही. जे तिच्या डोळ्यांसमोर झालं, त्याची देऊ शकते.

असा लिहून बघा

समजा, एक मुलगी ऑनलाइन खरेदीच्या एका कंपनीत, परत आलेल्या मालाच्या टीममध्ये सात महिने होती. तिची जुनी सीनियर आता दुसरीकडे आहे. तर मेसेज असा होईल:

“ताई, नमस्कार. मी येडशीची, गेल्या वर्षी आपण रिटर्नच्या टीममध्ये एकत्र होतो. तुझ्या कंपनीच्या साइटवर ‘बॅक ऑफिस एक्झिक्युटिव्ह, पुणे’ ही जागा दिसली. जॉब आयडी २०४१८, लिंक खाली देतेय. त्यांना एक्सेल आणि तक्रारींची नोंद ठेवणारं माणूस हवंय. आपली रिटर्नची रोजची शीट सात महिने मी भरायचे आणि संध्याकाळी तू तपासायचीस, म्हणून तुलाच विचारतेय. या जागेसाठी मला रेफर करणं तुला ठीक वाटेल का? मी स्वतः अजून अर्ज केलेला नाही. शेवटची तारीख २५ आहे. हो म्हणालीस तर रेझ्युमे आणि बाकी माहिती लगेच पाठवते. जमणार नसेल तरी बिनधास्त सांग, मी साइटवरून अर्ज करीन.”

बघा, पहिल्याच ओळीत ओळख पटते. नंबर बदललेला असतो, फोटो बदललेला असतो, म्हणून हे लागतं. मागणी एकच आहे, तीही एका नेमक्या जागेची. प्रश्न ‘रेफर करशीलच ना?’ असा नाही, ‘ठीक वाटेल का?’ असा आहे. तुमचं काम तिला तेवढं पसंत नव्हतं, किंवा तिच्या कंपनीत तिलाच अजून रेफर करायची परवानगी नाही, तर तिला मान न दुखवता नाही म्हणता येतं. आणि फक्त ‘हाय’ पाठवून उत्तराची वाट बघत बसायची गरज पडत नाही. सगळं एकाच मेसेजमध्ये आहे.

ती ‘हो’ म्हणाली की दुसरा मेसेज जाईल. त्यात रेझ्युमेवर आहे तसंच पूर्ण नाव, ईमेल, फोन, जॉब आयडी आणि पीडीएफमधला रेझ्युमे. फाइलला तुमचं नाव द्या, ‘फायनल २ नवीन’ नको. सोबत त्या रकान्यासाठी तीन ओळी तयार करून द्या: ‘आम्ही सात महिने एका टीममध्ये होतो. रोज साधारण ७० नोंदींची शीट ती भरायची, मी तपासायचे. ती लगेच रुजू होऊ शकते.’ फॉर्म बहुतेक इंग्रजीत असतो, तेव्हा या ओळी इंग्रजीत द्या आणि ‘तुला हवं तसं बदल’ असंही लिहा. ७० हा आकडा खरा असेल तरच टाका. ती शीट तिनं पाहिलेली आहे!

आधी अर्ज केला तर?

बरेच रेफरल इथं वाया जातात. उत्साहात आपण जागा दिसली की आधी स्वतः अर्ज करतो आणि मग ओळखीच्याला सांगतो. पण अनेक कंपन्यांच्या सिस्टीममध्ये त्या ईमेलवरून उमेदवार एकदा नोंदला गेला की पुढचे काही महिने त्याचा रेफरल धरला जात नाही. एखाद्या प्लेसमेंट एजन्सीनं तुमचा रेझ्युमे आधीच पाठवला असेल तरी तसंच होतं. म्हणून ‘अजून अर्ज केलेला नाही’ ही ओळ मेसेजमध्ये आहे. आधीच अर्ज केला असेल तर तेही स्पष्ट सांगा. तसं चालतं का, ते ती विचारून सांगेल. वेगळा ईमेल वापरून दुसऱ्यांदा घुसायचा प्रयत्न मात्र नको. फोन नंबर आणि नाव जुळलं की ते पकडलं जातं, आणि अडचणीत ताई येते.

त्याच कारणानं एका कंपनीतल्या तिघांना एकदम मेसेज टाकू नका. साधारणपणे पहिल्यानं भरलेला रेफरलच धरला जातो. बाकीच्या दोघांची मेहनत फुकट, आणि तुम्ही सगळ्यांनाच विचारलंत हेही त्यांना कळतं.

रेफरल खरंच झाला की नाही, हे कसं ओळखायचं? बहुतेक ठिकाणी कंपनीकडून आपोआप एक मेल येतो: अमुक व्यक्तीनं तुमची शिफारस केलीय, खालच्या लिंकवरून अर्ज पूर्ण करा. तो अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. लिंक उघडून अर्ज पूर्ण केला नाही, तर रेफरल अर्धवटच राहतो. ताईनं ‘केलं’ म्हटल्यावर दोन-तीन दिवसांत मेल दिसला नाही, तर ईमेलमधलं एखादं अक्षर चुकलं नाही ना, तेवढं विचारा. ‘रेझ्युमे दे, एचआरला देते’ असं ती म्हणाली असेल, तर तो पोर्टलवरचा रेफरल नाही. अशा वेळी साइटवरून अर्ज करू की थांबू, ते तिलाच विचारून घ्या.

पहिल्या मेसेजला उत्तरच आलं नाही, तर साधारण आठवड्यानं एकदा आठवण करा. शेवटची तारीख जवळ असेल तर त्याआधी दोन दिवस: “ताई, २५ ला जागा बंद होतेय. तुझं काही जमलं नाही तर २४ ला मी स्वतः अर्ज करते.” आणि २४ ला खरंच करा. त्यानंतर तिसरा मेसेज नको.

मुलाखत झाली, नाही झाली, निवड झाली, नाही झाली. काहीही झालं तरी एका ओळीत ताईला कळवा. एचआर तिला सगळं सांगतंच असं नाही, आणि तिनं तर तुमच्यासाठी स्वतःचं नाव तिथं लिहिलेलं असतं.