शेअर इश्यूचा गृहपाठ तपासताना : ताळा जुळतो, तरी उत्तर चुकतं!

शेअर इश्यूच्या व्हिडिओनंतर दिलेला गृहपाठ आज तपासायचा आहे. वही उघडा आणि तुमचं उत्तर शेजारी ठेवा. या गणिताची एक गंमत आहे. चुकीच्या उत्तरातही नावे आणि जमा बाजू अगदी बरोबर जुळतात. त्यामुळे बेरीज जुळली म्हणून खूश होऊ नका, तपासायची पद्धत वेगळी आहे.

गणित असं होतं

कंपनीने १० रुपयांचे १०,००० शेअर्स विक्रीला काढले. अर्जासोबत ३ रुपये, अलॉटमेंटला ४ रुपये आणि शेवटच्या कॉलला ३ रुपये भरायचे होते. अर्ज आले १५,००० शेअर्ससाठी. कंपनीने सगळ्यांना प्रो-राटा, म्हणजे अर्जाच्या प्रमाणात शेअर्स दिले : ३ मागितले त्याला २. जादा आलेले अर्जाचे पैसे अलॉटमेंटमध्ये वळते केले. २०० शेअर्स मिळालेल्या एका भागधारकाने पुढे ना अलॉटमेंट भरली, ना कॉल. त्याचे शेअर्स जप्त केले आणि त्यातले १०० शेअर्स प्रत्येकी ८ रुपयांना, पूर्ण भरणा झालेले म्हणून, दुसऱ्याला विकले.

अर्जाचे पैसे : आधी वेगळ्या खात्यात

बँकेत आले १५,००० × ३ = ४५,००० रुपये. पुष्कळ जण ही रक्कम लगेच शेअर कॅपिटलला जमा करतात. तसं करायचं नाही. अलॉटमेंट होईपर्यंत हा पैसा अर्जदाराचा असतो, म्हणून तो आधी शेअर अॅप्लिकेशन खात्याला जमा होतो. अलॉटमेंट झाल्यावर या ४५,००० मधले ३०,००० कॅपिटलला जातात आणि उरलेले १५,००० अलॉटमेंट खात्याला.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. उद्या तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी प्रायव्हेट प्लेसमेंटने शेअर्स देईल, तेव्हा कंपनी कायदा २०१३ चं कलम ४२ लागू होतं. अर्जाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे आणि पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर्स द्यायचे. तसं जमलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत करायचे. तेही राहिलं तर साठाव्या दिवसानंतर १२ टक्के व्याज लागतं. म्हणूनच हा पैसा "आपलं भांडवल" समजून वापरून टाकायचा नसतो.

खरी चूक इथे होते

अलॉटमेंटचे एकूण येणे १०,००० × ४ = ४०,००० रुपये. त्यातले १५,००० आधीच आलेत, म्हणजे यायचे राहिले २५,०००. आता आपल्या भागधारकाने किती थकवले? बहुतेक वह्यांत लिहिलेलं असतं : २०० × ४ = ८०० रुपये. हे चूक आहे.

त्याला २०० शेअर्स मिळाले, पण ३ ला २ या हिशेबाने त्याने अर्ज केला होता ३०० शेअर्सचा. म्हणजे त्याने पाठवले ३०० × ३ = ९०० रुपये. २०० शेअर्सच्या अर्जाचे ६०० वजा केले तर त्याचे ३०० रुपये जादा उरतात. ते त्याच्याच अलॉटमेंटमध्ये वळते झालेत. म्हणून त्याची अलॉटमेंटची थकबाकी ८०० − ३०० = ५०० रुपये. बँकेत आले २५,००० − ५०० = २४,५००.

कॉलचा हिशेब सरळ आहे. एकूण ३०,०००, त्यातले त्याचे २०० × ३ = ६०० थकले, बँकेत आले २९,४००. कॉल्स इन अरिअर्स खात्यावर एकूण ५०० + ६०० = १,१०० रुपये.

जप्तीची नोंद आणि खरा ताळा

बरोबर नोंद अशी :

- शेअर कॅपिटल खाते नावे २,०००
- कॉल्स इन अरिअर्स खात्याला जमा १,१००
- शेअर फोरफीचर खात्याला जमा ९००

आता ८०० वाली चूक पुढे नेऊन बघा. थकबाकी १,४००, फोरफीचर ६००, बेरीज तीच २,०००. बँकही जुळते. बरोबर उत्तरात ९८,९०० येतात, चुकीच्या उत्तरात ९८,६००, आणि दोन्ही ठिकाणी थकबाकी मिळवली की १,००,००० होतात. चूक लपून राहते ती अशी!

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा : या माणसाने खिशातून एकूण किती पैसे दिले? त्याने दिले ९०० रुपये. शेअर फोरफीचर खात्यात बरोबर तेवढेच यायला हवेत. ६०० दिसले की समजा, जादा अर्जाचे पैसे तुम्ही विसरलात.

शेवटचा कॉल मागायच्या आधीच जप्ती झाली असती तर? तेव्हा शेअरमागे ७ रुपयेच मागितले होते, म्हणून कॅपिटल खाते नावे फक्त १,४००, थकबाकी ५०० आणि फोरफीचर ९००. बघा, ९०० हलले नाहीत, कारण त्याने दिलेले पैसे तेवढेच आहेत.

प्रत्यक्षात मात्र एक हप्ता थकला की लगेच जप्ती, असं करता येत नाही. जप्तीचा अधिकार कंपनीच्या आर्टिकल्समध्ये असावा लागतो. कायद्याच्या टेबल एफ प्रमाणे आधी नोटीस द्यावी लागते, पैसे भरायला निदान १४ दिवस द्यावे लागतात आणि मग संचालक मंडळाचा ठराव लागतो.

१०० शेअर्स परत विकले, नफा किती?

८ रुपयांनी १०० शेअर्स विकल्यावर बँकेत आले ८००. कॅपिटलला जमा १,०००. कमी पडलेले २०० फोरफीचर खात्यातून. इथपर्यंत बहुतेकांचं बरोबर येतं. मग ९०० − २०० = ७०० कॅपिटल रिझर्व्हला टाकून मोकळे होतात. ही दुसरी मोठी चूक.

९०० रुपये २०० शेअर्सवर जप्त झालेत, शेअरमागे साडेचार रुपये. विकले १००, म्हणजे त्यांच्या वाट्याचे ४५०. त्यातून सूट २०० गेली, राहिले २५०. एवढेच कॅपिटल रिझर्व्हला न्यायचे. उरलेल्या १०० शेअर्सचे ४५० फोरफीचर खात्यातच राहतात आणि ताळेबंदात शेअर कॅपिटलमध्ये मिळवून दाखवतात. जे शेअर्स अजून विकलेच नाहीत, त्यांचा नफा आधीच कसा धरणार?

याच साडेचार रुपयांवरून आणखी एक मर्यादा कळते. परत विकताना सूट जप्त रकमेपेक्षा जास्त देता येत नाही. म्हणजे हा शेअर साडेपाच रुपयांखाली विकता येणार नाही.

पुढचा गृहपाठ

हेच गणित एक बदल करून सोडवा : त्या भागधारकाने अलॉटमेंट भरली, फक्त कॉल थकवला. फोरफीचर खात्यात १,४०० आले तर तुमची पद्धत बरोबर. मग शेअर कमीत कमी किती रुपयांना परत विकता येईल, ते काढा आणि कमेंटमध्ये लिहा. आकड्यासोबत दोन ओळींत कारणही द्या, मी तेच तपासणार आहे.