पाऊण डझन अंडी

बारा अंड्यांचा खोका उघडा: सहा-सहाच्या दोन ओळी. मधोमध एक उभी रेघ कल्पा. प्रत्येक ओळीचे दोन तुकडे होतात, म्हणजे तीन-तीन अंड्यांचे एकूण चार गट. त्यातले तीन गट उचलले की हातात नऊ अंडी येतात. हेच बाराचे तीन चतुर्थांश, आपले पाऊण डझन.

यात छेदातला चार आणि अंशातला तीन वेगवेगळी कामं करतात. चार सांगतो, समान वाटे किती पाडायचे. तीन सांगतो, त्यातले किती घ्यायचे. मुलं बरेचदा पहिल्या पायरीवरच थांबतात आणि उत्तर ‘तीन’ देतात. तो एकच वाटा झाला, पाव डझन. वाटे चारच पण पाच, तीन, दोन, दोन असे पाडले तर त्यांना चतुर्थांश म्हणताच येत नाही.

आता दोन तृतीयांश घ्या. चार-चारचे तीन गट, त्यातले दोन, म्हणजे आठ अंडी. पाऊण डझन त्याहून एका अंड्याने जास्त, आणि ते एक अंडं म्हणजे डझनाचा बारावा भाग. पाच समान वाटे मात्र अंडी फोडल्याशिवाय होणार नाहीत.