जमिनीवरचं गाव आणि इंग्रजीची पाच अव्ययं

‘मुलगी खोलीत बसली आहे’ आणि ‘मुलगी खोलीत गेली’. मराठीत दोन्ही वाक्यांना एकच ‘त’ पुरतो. इंग्रजीत मात्र पहिल्याला ‘इन’ लागतं, दुसऱ्याला ‘इन्टू’. ‘वर’चं तेच: पाटावर उभा असेल तर ‘ऑन’, पाटावर चढला तर ‘ऑन्टू’. ‘घरातून निघालो’ मधला ‘तून’ म्हणजे ‘आउट ऑफ’ आणि ‘गर्दीतून गेलो’ मधला ‘थ्रू’. म्हणून आपल्या घरची मुलं हे शब्द पाठ करूनही अडखळतात. अर्थ त्यांना ठाऊक असतो, पण आपल्या बोलीत तो वेगळा मांडावा लागत नाही.

यावर आम्ही सुट्टीच्या वर्गात पुस्तक मिटून खडू घेतो. फरशीवर दीड फूट रुंद रस्ता लांबलचक आखायचा. त्याला आडवी नदी, वर पूल. एका बाजूला चौकोनी बाग, तिला फाटकापुरती फट. दोन खुर्च्यांवर चादर टाकली की बोगदा झाला. रेल्वेचा फलाट म्हणून स्वयंपाकघरातला पाट. तो खराखुराच हवा, कारण ‘ऑन्टू’ला पाय उचलावा लागतो.

एकानं हुकूम द्यायचा, दुसऱ्यानं चालायचं. ‘वॉक अलाँग द रोड’ म्हटलं की रस्त्याच्या लांबीनं बरीच पावलं. ‘वॉक अक्रॉस द रोड’ म्हटलं की एका कडेवरून दुसऱ्या कडेला, एकदोन पावलांत. मराठीत दोन्हीकडे ‘रस्त्यावरून’ चालून जातं, म्हणून सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. ‘थ्रू’ला दोन्ही बाजूंनी काहीतरी वेढलेलं असावं लागतं, म्हणून तो बोगद्यात.

पुलाशी मुलं हमखास हुज्जत घालतात. पुलावरूनही लांबीनंच चालतो, मग ‘अक्रॉस द ब्रिज’ का? उत्तर खडूतच दिसतं: पूल नदीला आडवा आहे आणि चालणारा पैलतीरी पोहोचतो. हे बोटानं दाखवावं, नियम सांगू नये.

समजलं की नाही हे ओळखायची आमची एक खोडी आहे. मुलाला आधीच बागेत उभं करायचं आणि म्हणायचं, ‘वॉक इन्टू द गार्डन’. ज्याला उमजलं तो हसतो किंवा आधी बाहेर येतो. ज्याला नाही तो बागेतच फिरू लागतो. त्याला पुन्हा फाटकाबाहेरून आत पाठवावं आणि उंबरा ओलांडतानाच ‘इन्टू’ म्हणायला लावावं.

खडूच्या गावात सगळंच बसत नाही. मोटारीत शिरताना ‘गेट इन्टू’, पण बसमध्ये चढताना ‘गेट ऑन’. ही वहिवाट आहे, ती तशीच लक्षात ठेवावी लागते. आणि ‘एन्टर’ आलं की पुढे ‘इन्टू’ नको: ‘एन्टर द रूम’, बस्स. थोरली मुलंही इथे फसतात.